कार्यशाळेनंतरचा मेल: आभार, स्लाइड, फोटो आणि पुढच्या रविवारचा सराव

मोडी लिपीची दोन दिवसांची कार्यशाळा संपते तेव्हा लोकांना बाराखडी लिहिता येत असते, जोडाक्षरं अर्धीमुर्धी आलेली असतात आणि जुन्या कागदावरच्या दोन-चार ओळी अडखळत का होईना, वाचून झालेल्या असतात. पुढच्या आठ दिवसांत वही उघडली नाही, तर यातलं बरंचसं हातातून निसटतं. म्हणून कार्यशाळेनंतर जो मेल जातो, त्याचं मुख्य काम मी एकच मानते: माणसाला पुढच्या रविवारपर्यंत वहीजवळ परत आणणं. आभार, स्लाइड आणि फोटो त्यात यायलाच हवेत, पण ते कुठे आणि किती यायचे, हे या कामावरून ठरतं.

मी एका वाचनालयाच्या सभागृहात अशा कार्यशाळा घ्यायला मदत करते. खाली जे लिहिलंय ते संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी, ११ आणि १२ जानेवारीला झालेल्या कार्यशाळेवरून. ३८ जण होते. इतिहास शिकणारी मुलं होती, वकील होते, घरातल्या जुन्या कागदांचं गाठोडं वाचायची इच्छा असलेले निवृत्त लोक होते. तुमची कार्यशाळा बागकामाची किंवा हिशेबाची असली तरी पायऱ्या फारशा बदलणार नाहीत.

मेलची सुरुवात शुक्रवारीच करा

कार्यशाळा संपल्यावर खुर्च्या आवरायच्या असतात, प्रोजेक्टर परत करायचा असतो, चहावाल्याचे पैसे द्यायचे असतात. त्या रात्री कोणीही बसून नीट मेल लिहू शकत नाही. मग तो बुधवारवर जातो आणि बुधवारी लोक आपापल्या कामात बुडालेले असतात. त्यामुळे मी कच्चा मेल आदल्या शुक्रवारीच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवते. विषयाची ओळ, लिंकांच्या जागा, पुढच्या सत्राची तारीख आणि वेळ हे सगळं तेव्हाच माहीत असतं. मोकळी ठेवायची ती आभाराची जागा आणि राहिलेल्या प्रश्नांची जागा. कार्यशाळा चालू असताना वहीच्या शेवटच्या पानावर कोणी काय विचारलं, कुठे अडलं, कोणी काय मदत केली, एवढं टिपत राहायचं. सोमवारी संध्याकाळी त्या पानावरून दोन मोकळ्या जागा भरल्या की मेल तयार होतो. पाठवायची वेळ मी सात-साडेसात धरते, कारण आमच्याकडचे बरेच लोक घरी पोचून फोन तेव्हाच बघतात.

अभिप्रायाचा फॉर्म या मेलमध्ये घालू नका. तो रविवारी शेवटच्या दहा मिनिटांत कागदावरच भरून घ्या. मेलमध्ये फॉर्म आला की लोक तो भरतात आणि काम झालं असं समजून मेल बंद करतात, सराव बाजूला राहतो.

स्लाइड: जशीच्या तशी फाइल पाठवू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या पाठवणाऱ्याला दिसत नाहीत, कारण त्याच्या स्वतःच्या संगणकावर सगळं व्यवस्थित दिसत असतं.

पहिली अडचण फॉन्टची. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्वतंत्र जागा मिळाली, पण आजही काही मोडी फॉन्ट देवनागरीच्या संकेतांकांवर बसवलेले असतात. असा फॉन्ट वापरून केलेली पॉवरपॉइंट फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की तिथे मोडी दिसतच नाही, साधी देवनागरी दिसते. ‘वाचा पाहू’ असं लिहिलेल्या स्लाइडवर उत्तरच छापलेलं! युनिकोड फॉन्ट असेल आणि समोरच्याकडे तो नसेल, तर नुसते चौकोन दिसतात. म्हणून स्लाइड पीडीएफ करूनच द्यायच्या. पीडीएफ झाल्यावर ती आपल्या संगणकावर तपासून उपयोग नाही. ज्याच्याकडे हा फॉन्ट नाही अशा एखाद्याच्या फोनवर उघडून बघायला सांगा.

पीडीएफ करताना फाइल लहान करायचा मोह होतो. पॉवरपॉइंट तिथे `Standard` आणि `Minimum size` असे दोन पर्याय देतं. आमच्या विषयात दुसरा घेऊ नका. मोडीत हात न उचलता लिहिलेलं असतं, अक्षर ओळखायचं ते वळणातल्या बारीक फरकावर, आणि चित्र दाबलं की नेमका तोच फरक पुसट होतो. फाइल मोठी झाली तर होऊ द्या. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतचीच फाइल जोडता येते, पण आपण ती ड्राइव्हवर ठेवून लिंकच देणार आहोत.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आम्ही एका कुटुंबाच्या खाजगी पत्रातल्या सहा ओळी वाचनासाठी घेतल्या होत्या. परवानगी तेवढ्याच ओळींची होती. पत्राच्या खालच्या भागात घरातल्या वाटणीचा मजकूर होता. स्लाइडवर चित्र कापून बसवलं होतं, त्यामुळे पडद्यावर सहाच ओळी दिसत होत्या. पण पॉवरपॉइंटमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. फाइल मिळालेला कोणीही पुन्हा कापण्याच्या चौकटीवर गेला की पूर्ण पत्र त्याच्यासमोर उघडं. आमच्या हातून हे होता होता राहिलं. आता फाइल बाहेर देण्याआधी `Compress Pictures` मध्ये जाऊन `Delete cropped areas of pictures` वर खूण करायची, सगळ्या चित्रांना ते लागू करायचं आणि मगच पीडीएफ करायची, असा नियम केला आहे. हे मूळ फाइलवर करू नका, तिची प्रत काढून प्रतीवर करा, कारण कापलेला भाग एकदा गेला की परत येत नाही.

याच वेळी आणखी एक विचारायचं. सभागृहात कागद दाखवायची परवानगी आणि त्याची प्रत ३८ जणांना द्यायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद देणाऱ्या कुटुंबाला आधीच स्पष्ट विचारा. ‘दाखवा, पण देऊ नका’ असं उत्तर आलं, तर ती स्लाइड काढून तिथे एक ओळ लिहा: ‘हे पत्र फक्त कार्यशाळेत दाखवण्यासाठी मिळालं होतं.’ लोकांना यात काही वावगं वाटत नाही. उलट त्यांच्या घरचे कागद ते पुढच्या वेळी विश्वासाने आणतात.

लिंक द्यायची पद्धत

ड्राइव्हवर एकच फोल्डर करा आणि तो वाचनालयाच्या किंवा संस्थेच्या खात्यावर करा. स्वयंसेवकाच्या खाजगी खात्यावर केलेला फोल्डर तो स्वयंसेवक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला किंवा त्याने जागा मोकळी करायला घेतली की नाहीसा होतो.

फोल्डरच्या `Share` मध्ये सुरुवातीला `Restricted` असतं. ते `Anyone with the link` करायचं आणि त्याच्या शेजारी `Viewer` आहे ना, हे बघायचं. तिथे चुकून `Editor` राहिलं तर कोणीतरी फाइल हलवतं किंवा पुसतं, तेही मुद्दाम नव्हे, फोनवर बोट लागून. मग लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे तुम्ही कोणत्याच खात्यावर नसता, म्हणजे लोकांना जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. हे अर्ध्या मिनिटाचं काम चुकवलं तर मेल गेल्यानंतर परवानगी मागणारे मेल एकामागून एक यायला लागतात. ते मेल म्हणजे फोल्डर बंद असल्याची खूण आहे. एकेकाला परवानगी देत बसू नका, फोल्डरचीच सेटिंग बदला, म्हणजे आधी गेलेली लिंक सगळ्यांसाठी उघडते.

स्लाइडमध्ये चूक सापडली तर नवी फाइल नव्या लिंकने पाठवायची गरज नाही. ड्राइव्हमध्ये त्या फाइलच्या `Manage versions` मध्ये जाऊन नवी प्रत चढवली की लिंक तीच राहते. आमच्या एका स्लाइडवर एका ओळीचं देवनागरी लिप्यंतर चुकलं होतं, ते असंच दुरुस्त केलं आणि शुक्रवारच्या आठवणीच्या मेलमध्ये ‘स्लाइड २३ दुरुस्त केली आहे’ एवढंच कळवलं.

फोटो

फोटोंची परवानगी मेल लिहिताना आठवून चालत नाही. नोंदणीच्या फॉर्मवर एक वेगळी ओळ ठेवा: ‘माझे फोटो सहभागींना पाठवायला माझी हरकत नाही’, हो किंवा नाही. ज्यांचं उत्तर ‘नाही’ असेल त्यांच्या नावाच्या बिल्ल्यावर आम्ही पिवळा ठिपका लावतो. फोटो काढणाऱ्याला तो लांबून दिसतो आणि नंतर निवडतानाही ओळखता येतो.

काढलेल्या तीनशे फोटोंतले वीस-पंचवीसच द्या. निवडताना चेहऱ्यांइतकंच टेबलांवर आणि भिंतींवर लक्ष द्या. नोंदणीच्या टेबलाच्या एका छान फोटोत आमची हजेरीची वही उघडी होती. मोठा करून बघितला तर पानभर फोन नंबर स्पष्ट वाचता येत होते. तो फोटो गेला असता तर सगळ्यांचे नंबर गेले असते. घरचे कागद टेबलावर पसरलेले असतील तर तिथेही हीच काळजी घ्यायची.

मला स्वतःला फळ्याचे आणि लोकांच्या वह्यांचे फोटो जास्त मोलाचे वाटतात. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरं कशी लटकवली, हे फोटोत दिसतं, आणि घरी सराव करताना माणूस तोच फोटो उघडतो. असे पाच-सहा फोटो अल्बमच्या सुरुवातीला ठेवते. समूहफोटो एक पुरे.

आता मेल

आम्ही पाठवलेला मेल, किरकोळ बदल करून:

> विषय: मोडी कार्यशाळा: स्लाइड, फोटो आणि शनिवारपर्यंतच्या सहा ओळी
>
> नमस्कार,
>
> शनिवार-रविवारी दोन्ही दिवस तुम्ही वेळेवर आलात आणि दुपारच्या उन्हात पंखे बंद पडले तरी कोणी जागचं उठलं नाही, याबद्दल मनापासून आभार. मागच्या बाकावरच्या मंडळींनी पाचव्या कागदातला जो शब्द आम्ही चुकीचा वाचला होता तो बरोबर वाचून दाखवला. तो स्लाइडमध्ये आता दुरुस्त केला आहे. घरचे कागद विश्वासाने आणलेल्या दोन्ही कुटुंबांचे आम्ही ऋणी आहोत.
>
> या आठवड्याचा सराव: सोबतच्या कागदातल्या पहिल्या सहा ओळी देवनागरीत उतरवा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि पुढे जा. वहीच्या पानाचा फोटो शनिवार, १८ जानेवारीला रात्री ८ पर्यंत याच मेलला उत्तर म्हणून पाठवा.
> सरावाचा कागद: [लिंक]
>
> रविवार, १९ जानेवारी, सकाळी ११ ते ११.४५: आपण ऑनलाइन भेटू आणि रेघ मारलेले शब्द एकत्र वाचू. सहा ओळी पूर्ण झाल्या नसल्या तरी या.
> भेटीची लिंक: [लिंक]
>
> राहिलेला प्रश्न: सुहूर सनाचं इसवी सन कसं काढायचं? हा सन मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला सुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. म्हणजे सुहूर सन ११७४ हे इसवी सन १७७३-७४.
>
> स्लाइड (पीडीएफ): [लिंक]
> फोटो: [लिंक]. एखादा फोटो काढून टाकावासा वाटला तर फक्त त्याचा क्रमांक कळवा, कारण सांगायची गरज नाही.
>
> सरावाचा कागद उघडला की ‘मिळाला’ एवढं उत्तर पाठवाल का?
>
> आपले,
> मोडी कार्यशाळेची मंडळी
> [एक फोन नंबर, संध्याकाळी ६ ते ८]

क्रम बघा. फोटो सगळ्यात खाली आहेत. ते वर ठेवले की लोक आधी त्यावरच टिचकी मारतात, अल्बममध्ये स्वतःला शोधतात, तो घरच्यांना दाखवतात आणि मेलकडे परत येत नाहीत. पूर्वी आम्ही तसंच करायचो. सराव पाठवणारे तेव्हा फारच थोडे असायचे.

आभार चारच वाक्यांत आहेत, पण त्यातली प्रत्येक गोष्ट त्या दोन दिवसांतच घडलेली आहे. ‘आपल्या उत्स्फूर्त प्रतिसादामुळे कार्यक्रम यशस्वी झाला’ हे वाक्य कुठल्याही कार्यक्रमाला चालतं, म्हणून ते कोणी वाचत नाही. एखाद्या सहभागीचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्याला विचारा. आम्ही ‘मागच्या बाकावरची मंडळी’ लिहिलं आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

सरावाला एकच काम आहे, एकच शेवटची वेळ आहे आणि ते कुठे पाठवायचं हेही तिथेच लिहिलं आहे. यात वाचायची पुस्तकं, पुढच्या वर्गाची जाहिरात, वाचनालयाची वर्गणी असं काहीही मिसळू नका. ‘सवडीने सराव करत राहा’ असं लिहिलं तर सवड कधीच मिळत नाही. आणि जेवढं तपासून देणं शक्य आहे तेवढंच मागा. ३८ जणांनी सहा-सहा ओळी पाठवल्या तर तपासायला आम्हा दोघांना शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ लागते. बारा ओळी मागितल्या असत्या तर आम्हीच तोंडघशी पडलो असतो.

राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मेलमध्येच द्या, ‘लवकरच कळवू’ असं लिहू नका. उत्तर मिळालेलं नसेल तर तो प्रश्न रविवारच्या भेटीत घ्यायचा आहे एवढं लिहा.

पाठवताना

सगळे पत्ते `Bcc` मध्ये घाला आणि `To` मध्ये स्वतःचा पत्ता ठेवा. एका वर्षी पत्ते `To` मध्ये गेले. एका काकांनी ‘धन्यवाद’ सगळ्यांना पाठवलं, त्यावर दहा जणांनी पुन्हा सगळ्यांना पाठवलं, आणि त्या गर्दीत सरावाचा कागद हरवला. शिवाय प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला कळला, हे आणखी वाईट. जीमेलच्या साध्या खात्यातून एका दिवसात ५०० जणांपर्यंत पाठवता येतं, त्यामुळे एवढ्या संख्येला वेगळ्या सोयीची गरज नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` ची मुदत ३० सेकंद करून ठेवा. चूक बहुतेक वेळा पाठवल्यावर पहिल्या पाच सेकंदांतच ध्यानात येते.

हजेरीच्या वहीतून हाताने उतरवलेल्या पत्त्यांत चुका असतातच. मेल गेल्यावर पंधरा मिनिटांनी इनबॉक्समध्ये `Address not found` आलंय का बघा. आमच्याकडे तीन आले: एका ठिकाणी बिंदू राहिला होता, एका ठिकाणी इंग्रजी एल आणि एक हा आकडा यांची गल्लत झाली होती, आणि तिसरा पत्ता वाचताच येत नव्हता. तिघांना फोन केला.

मेल परत आला नाही म्हणजे पोचलाच, असंही धरू नका. लिंका जास्त असल्यामुळे तो स्पॅममध्ये जाऊ शकतो, आणि आमच्या निवृत्त मंडळींतले काही जण मेल आठवड्यातून एकदाच उघडतात. म्हणून त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दोन ओळी जातात: ‘कार्यशाळेचा मेल पाठवला आहे. दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा. सरावाचा कागद इथेही देत आहोत.’ कागदाची पीडीएफ तिथेच जोडायची. तिचा फोटो काढून पाठवू नका, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबतं आणि वळणं पुन्हा पुसट होतात.

‘मिळाला’ असं उत्तर मंगळवार रात्रीपर्यंत २३ जणांचं आलं. उरलेल्या १५ जणांची यादी करून आम्ही दोघांनी वाटून घेतली आणि बुधवारी फोन केले. चौघांना मेल दिसलाच नव्हता. एका आजींना पीडीएफ उघडत नव्हती, त्यांना वाचनालयात कागद छापून ठेवला. बाकीच्यांनी बघितला होता, फक्त उत्तर द्यायचं राहिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच मेलच्या साखळीत तीन ओळींची आठवण पाठवा: उद्या रात्री ८ पर्यंत पान, रविवारी ११ ला भेट, आणि भेटीची लिंक पुन्हा एकदा. नवा मेल सुरू केला तर जुन्या लिंका शोधायला लोकांना खाली-वर करावं लागतं. शनिवारी रात्रीपर्यंत २६ पानं आली. जवळजवळ सगळ्यांनी चौथ्या ओळीतल्या त्याच एका शब्दाखाली रेघ मारली होती, त्यामुळे रविवारची सुरुवात कुठून करायची हे आयतंच ठरलं.

फोल्डर किती दिवस उघडा ठेवायचा, हेही आधीच ठरवा. स्लाइड आणि सरावाचे कागद आम्ही ठेवतो. फोटोंची लिंक महिन्याभराने बंद करतो आणि तसं आठ दिवस आधी कळवतो, म्हणजे ज्यांना फोटो हवेत ते उतरवून घेतात.